बचत गटाच्या अध्यक्षांचा परिचय कोणत्या कामांच्या आधारे करून द्यावा?

प्रश्न : आमच्या गावातील बचत गटांच्या एकत्रित सभेत एका गटाच्या अध्यक्षताईंचा परिचय मला करून द्यायचा आहे. नुसते कौतुक नको, त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते सांगायचे आहे. माहिती कुठून घ्यावी आणि काय बोलावे?

उत्तर : सहयोगिनी म्हणून काम करताना असे बरेच परिचय मी ऐकले आहेत. त्यांपैकी बहुतेकांत गटाची एकूण बचत आणि एकूण कर्जवाटप हे दोन आकडे सांगून टाळ्या घेतल्या जातात. बचत मात्र सर्व सभासदांची असते, आणि कर्जवाटपाचा आकडा फसवा असतो, कारण तेच पैसे परत येतात, पुन्हा दिले जातात आणि प्रत्येक वेळी बेरजेत धरले जातात. म्हणून माहिती ताईंना विचारण्याआधी गटाच्या वह्यांतून घ्यावी.

समजा, गट बारा जणींचा आहे, प्रत्येकीची मासिक बचत २०० रुपये आहे आणि गटाला तीन वर्षे झाली आहेत. बचत ८६,४०० रुपये होते. अंतर्गत कर्जावरील व्याज २१,६०० जमा झाले असेल, तर गटाचा निधी १,०८,००० रुपये. आता कर्ज खतावणी पाहावी. सभासदांकडे ६४,००० रुपये येणे असेल, तर उरलेले ४४,००० रुपये, किरकोळ खर्च वजा जाता, बँकेचे पासबुक आणि हातातील रोकड मिळून दिसले पाहिजेत. हा ताळा जुळत नसेल, तर कोणताही आकडा सभेत सांगू नये. आधी सचिवांबरोबर बसून फरक शोधावा.

ताळा जुळला की मग थकबाकीकडे वळावे, कारण अध्यक्षांचे काम सर्वांत स्पष्टपणे तिथेच दिसते. याच उदाहरणात दीड वर्षापूर्वी येणे ४०,००० होते आणि त्यातील १४,००० रुपयांचे हप्ते थकले होते. आज ६४,००० पैकी फक्त २,००० थकीत आहेत. हे कसे घडले ते इतिवृत्ताच्या वहीत शोधावे. थकलेले हप्ते बहुतेक जून-जुलैचे निघाले, म्हणजे पेरणीसाठी घरातला पैसा बी-खतात जातो त्या दिवसांतले. ताईंनी बैठकीत असे सुचवले की या दोन महिन्यांत केवळ व्याज घ्यावे आणि मुद्दलाचे राहिलेले हप्ते सोयाबीन विकल्यावर दिवाळीनंतर वसूल करावेत. तसा ठराव झाला आणि पुढच्या हंगामापासून वसुली सुधारली. परिचयात सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. ऐकणाऱ्या दुसऱ्या गटातील ताई ती उद्याच्या बैठकीत वापरू शकतात. ‘कर्तबगार’ आणि ‘धडाडीच्या’ या विशेषणांचा त्यांना तसा काहीच उपयोग नाही.

थकबाकी कमी होण्यामागे दुसरेही कारण असू शकते, हे मात्र तपासून घ्यावे. काही गटांत जुने कर्ज फेडण्यासाठीच त्याच सभासदाला नवे कर्ज दिले जाते, त्यामुळे वहीत थकबाकी शून्य दिसते आणि येणे वाढतच जाते. एकाच नावावर एकाच तारखेला परतफेड आणि नवे वाटप अशा नोंदी वारंवार दिसल्या, तर ती सुधारणा म्हणून सांगू नये.

बँकेचे कर्ज मिळवून दिल्याचे श्रेय अध्यक्षांना सर्रास दिले जाते. बँक मुख्यतः नियमित बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री पाहते, आणि ती सर्वांनी पाळलेली असते. ताईंनी कागदपत्रे जमवली, शाखेत खेटे घातले, असे असेल तर तेवढेच सांगावे.

थकीत सभासदाचे नाव कुठेही येऊ देऊ नये. ‘एका ताईंच्या यजमानांचे आजारपण’ एवढे म्हटले तरी गावात सर्वांना घर कळते. लिहिलेला मजकूर ताईंना आणि सचिवांना आदल्या दिवशी वाचून दाखवावा.

प्रत्यक्ष बोलताना साधारण असे म्हणता येईल :

“आमच्या अध्यक्षताई गेली तीन वर्षे गटाचे काम पाहत आहेत. दीड वर्षापूर्वी गटाचे १४,००० रुपये थकीत होते. ३१ मार्चअखेर ते २,००० आहेत. पेरणीच्या दोन महिन्यांत फक्त व्याज घेण्याची कल्पना ताईंनी मांडली, सर्व सभासदांनी तसा ठराव केला आणि सचिवताईंनी प्रत्येक हप्त्याची नोंद चोख ठेवली. हे नेमके कसे जमवले, सुरुवातीला कोणी विरोध केला का, हे आता ताईंनीच सांगावे, अशी मी त्यांना विनंती करते.”

‘३१ मार्चअखेर’ हे शब्द गाळू नयेत. पुढच्या बैठकीत वसुली झाली की आकडा बदलतो आणि मग वही आणि भाषण यांत फरक का, असा प्रश्न ताईंनाच ऐकावा लागतो.