एजिंगवरून बुडीत येण्यांची तरतूद आणि वसुलीचा अंदाज

प्रश्न: येणी 50 लाख, एजिंग रिपोर्ट काढलाय. बुडीतची तरतूद किती धरू? वसुली नीट चाललीय का, हे कसं कळेल?

उत्तर: आधी ‘ऑन अकाउंट’ पडून असलेल्या जमा रकमा बिलांना लावा. नाहीतर पैसे देऊन मोकळी झालेली पार्टीही 90 दिवसांच्या रकान्यात दिसते. दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे, देय तारखेपासून मोजा.

समजा, मुदतीतली येणी 30 लाख, 30 दिवसांपर्यंत थकलेली 12, 31 ते 90 दिवसांची 5 आणि त्यापुढची 3 लाख. मागच्या तीनेक वर्षांत प्रत्येक रकान्यातलं शेवटी किती बुडालं, त्यावरून दर काढायचे. ते 1, 3, 10 आणि 40 टक्के निघाले, तर तरतूद 30, 36, 50 आणि 120 हजार, म्हणजे 2.36 लाख. तरतुदीच्या खात्यात आधीची 1.50 लाख शिल्लक असेल, तर नफा-तोट्याला फक्त 86 हजार टाका. इथे पुष्कळ जण पूर्ण रक्कम टाकून बसतात. वादातलं किंवा कोर्टात गेलेलं बिल मात्र टक्केवारीत घालू नका, ते स्वतंत्र तपासा.

वसुली तपासताना नुसते येणी-दिवस, म्हणजे विक्रीचे पैसे यायला लागणारे सरासरी दिवस, पाहू नका. मार्चमध्ये विक्री फुगली की वसुली तशीच असूनही तो आकडा बदलतो. महिन्याची सुरुवातीची येणी 48 आणि उधार विक्री 32, मिळून 80 लाख. त्यातून महिनाअखेरीस मुदतीत असलेले 30 वजा केले की वसूल होण्याजोगे 50 उरले. प्रत्यक्षात आले 80 वजा महिनाअखेरची एकूण येणी 50, म्हणजे 30. वसूल होण्याजोग्या 50 पैकी 30 आले, म्हणजे वसुलीची परिणामकारकता 60 टक्के. हे कमीच आहे.