जाळीचा दुपट्टा कापताना त्याचा आरपारपणा कसा राखायचा

प्रश्न: नवी पेठेतल्या एका दुकानाच्या कॅटलॉगचं काम आहे. करड्या पडद्यासमोर राणी रंगाचा नेटचा दुपट्टा घेतलेल्या मुलीचा फोटो गडद हिरव्या बॅकग्राउंडवर बसवायचा आहे. फोटोशॉपमध्ये Select Subject केलं की एक तर जाळीत करडेपणा राहतो, नाहीतर जाळीच उडून जाते. काय करू?

उत्तर: सिलेक्शनचं टूल बदलून हे सुटणार नाही. जाळीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दुपट्ट्याचा रंग आणि मागचा पडदा आधीच मिसळलेले आहेत. म्हणून कामं दोन आहेत. कुठे किती दाट कापड आहे ते मास्कमध्ये करड्या छटांनी उतरवायचं आणि रंगात मिसळलेला पडदा काढून टाकायचा. बरेच जण पहिलं काम करून थांबतात, मग गडद बॅकग्राउंडवर दुपट्टा धुरकट दिसतो.

आधी फोटोचे दोन भाग करा. मुलगी आणि तिच्या अंगावर पडलेला दुपट्टा हा एक भाग. तो नेहमीच्या मास्कने पूर्ण अपारदर्शक ठेवा. दुपट्ट्यातून दिसणारा हात तिचाच आहे, तिथे पारदर्शकता आणली तर हातातून हिरवा रंग डोकावेल. पुढची सगळी पद्धत फक्त मोकळ्या लोंबणाऱ्या भागासाठी आहे, जिथे मागे निव्वळ पडदा आहे.

आता Channels पॅनल उघडा. राणी रंग आणि करडा यांच्यात सगळ्यात जास्त फरक Green चॅनलमध्ये मिळतो. Info पॅनल सुरू ठेवून दोन जागी कर्सर न्या. समजा पडद्यावर G २३० आला आणि दुपट्ट्याच्या सगळ्यात दाट चुणीत, जिथून मागचं काहीच दिसत नाही, तिथे २० आला. एकेरी जाळीवर १४६ दिसला, तर तिथलं कापड (२३० − १४६) ÷ (२३० − २०), म्हणजे ४० टक्के. हाच हिशोब सगळ्या पिक्सेलसाठी एकदम करायचा आहे. Green चॅनलची कॉपी काढा, Ctrl+I ने उलटी करा, मग Levels मध्ये काळं टोक २५ वर आणि पांढरं टोक २३५ वर ठेवा. मधला आकडा १.०० च राहू द्या.

त्या कॉपीच्या थंबनेलवर Ctrl धरून क्लिक करा, म्हणजे सिलेक्शन येईल. लगेच Solid Color लेयर घ्या आणि रंग त्याच दाट चुणीतून उचला. सिलेक्शन आपोआप त्या लेयरचा मास्क होतं. मास्कमध्ये मोकळ्या भागाबाहेरचं सगळं काळ्या ब्रशने झाका. मुलीचा लेयर वर ठेवा आणि खांद्याजवळचा सांधा मऊ ब्रशने मिळवून घ्या.

पुढे जाण्याआधी एक तपासणी कराच. रंगाच्या लेयरखाली पडद्याचाच करडा भरा, सगळ्यात वर मूळ फोटो ठेवून त्याला Difference द्या. मोकळा भाग जवळजवळ काळा दिसला तर मास्क बरोबर आहे. जरीकाम, टिकल्या, काठाची लेस आणि चमक असलेल्या जागा उजळ राहतील, कारण त्यांचा रंग राणी नाही. तेवढ्या मूळ फोटोतून वेगळ्या लेयरवर आणा. पण सबंध पट्टाच उजळ राहिला, तर पडद्यावर प्रकाश एकसारखा नव्हता असं समजा. डावीकडे २३० आणि उजवीकडे २०५ असेल, तर उजवीकडच्या रिकाम्या पडद्यालाही मास्क कापड समजतो आणि तिथे गुलाबी धुकं येतं. मग दोन्ही बाजूंना वेगळे Levels द्या. पडदा म्हणून साधी पांढरी चादर टांगली असेल, तर तिच्या सुरकुत्याही अशाच उमटतात.

आता हिरवा बॅकग्राउंड टाका. दुपट्टा अपेक्षेपेक्षा विरळ वाटेल. चूक तुमची नाही. फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे उजळ पडद्यासमोर मोजलेली दाटी गडद रंगावर कमी पडते. आता मात्र मास्कवर Levels चा मधला आकडा १.४ ते १.८ पर्यंत नेऊन डोळ्यांनी ठरवा. टोकं हलवू नका. काळं टोक पुढे ओढलं तर जाळीचे बारीक धागे आधी मरतात.

लेयर Multiply करून मोकळं होण्याचा सोपा रस्ता इथे चालत नाही. Multiply फक्त गडद करतं, त्यामुळे पांढऱ्या बॅकग्राउंडवर ते ठीक, गडद हिरव्यावर राणी रंग काळपट पडतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर हे करू नका. त्यात धाग्यांचा रंग शेजारच्या भोकांत पसरलेला असतो, मूळ फाइल मागवा. पांढरी नेट पांढऱ्या पडद्यासमोर असेल तर कुठल्याच चॅनलमध्ये फरक मिळत नाही. असा फोटो गडद करड्या पडद्यासमोर पुन्हा काढून घ्यावा, आणि मास्क करताना चॅनल उलटा करू नये.