जुळी भावंडं: स्वभाव उलटे, निष्ठा एकच

प्रश्न: माझ्या कादंबरीत जुळी भाऊ-बहीण आहेत. स्वभाव अगदी उलटे, पण आत खोलवर दोघांची निष्ठा एकाच ठिकाणी आहे आणि कसोटीच्या वेळी ती बाहेर येते, असं दाखवायचंय. ते ओढूनताणून आणल्यासारखं न वाटता कसं जमवावं?

उत्तर:

ती निष्ठा एकमेकांवर ठेवू नका. जुळी म्हटलं की एकमेकांवर जीव असणार हे वाचक धरूनच चालतो, मग लपवायला उरतं काय? निष्ठा तिसऱ्याच कुणाशी तरी असू द्या. आणि कसोटीचा प्रसंग असा निवडा की ती निष्ठा पाळायची तर दोघांनाही आजवर चारचौघांत धरलेली गोष्ट सोडावी लागेल. पूर, आग, अपघात इथे कामाचे नाहीत. बुडणाऱ्याला कोणीही हात देतं.

मी एका दीर्घकथेत हे करून पाहिलं, तेच सांगतो. काळ 1982 चा, मुंबईतला गिरणी संप. 18 जानेवारीला तो सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. लालबागच्या एका चाळीत रघू आणि सुमन, वय 24. आई खानावळ चालवते. रघू तापट, गेट मीटिंगला पुढे, घोषणा देऊन घसा बसलेला. सुमन मोजून बोलणारी, खानावळीचा हिशेब तिच्याकडे. संप परवडणारा नाही असं तिचं स्पष्ट मत. गिऱ्हाइकं गावी निघून गेली, उधारी थकली, म्हणून तिने पावसाळ्यात उधारी बंद केली.

तिसरा माणूस म्हणजे जुने गिऱ्हाईक भिवाकाका. ही दोघं नऊ वर्षांची असताना वडील गेले. त्यानंतर वर्षभर काका एकच ताट जेवायचे आणि महिन्याला दोन ताटांचे पैसे ठेवायचे. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. मुलांनी नोटा मोजताना पाहिलं, तीही बोलली नाहीत. वाचकाला मी हे खूप उशिरा सांगितलं.

आधी फक्त दोन खुणा पेरल्या. रघू रागाने ताट आपटतो, पण त्याआधी काकांचा पितळी पेला हाताने बाजूला सरकवतो. सुमन सगळ्यांची उधारी शाईने लिहिते, काकांची तेवढी पेन्सिलीने. पेला वाचकाच्या लक्षातही येत नाही. पेन्सिल दिसते, पण काकांच्या हिशेबावर तिचा भरवसा नसेल असं त्याला वाटतं. खूण अशीच हवी, स्वभावातूनच आलीय असं वाटावं आणि वाचकाने तिचा चुकीचा अर्थ लावावा.

मग प्रसंग. गावाकडे बायको आजारी, म्हणून काका गुपचूप कामावर जायला लागतात. फुटीर ठरतात. एका रात्री त्यांना शोधत चौघे खानावळीच्या दारात येतात आणि त्यांच्यातच रघू आहे. काका आत, फळीमागे बसलेत. सुमनने त्यांच्यापुढे ताट ठेवलंय, उधारीवर. रघूला उंबऱ्यावरून पेला दिसतो. तो वळून म्हणतो, "इथं कोणी नाही. चला." नेहमी दहा वाक्यं बोलणारा माणूस तेवढंच बोलतो. आत सुमन वही उघडते, त्या जेवणाची रक्कम लिहिते, पेन्सिलीने. दर महिन्याला ती ही नोंद खोडत आलीय, हे इथे कळतं.

पहिल्या खर्ड्यात मी मोठी चूक केली होती. चौघे गेल्यावर रघू आत येतो, सुमनच्या खांद्यावर हात ठेवतो, दोघं वडिलांची आठवण काढतात. एका मैत्रिणीने वाचून विचारलं, "हे आता बोलतायत ते रघू की सुमन?" तिचं बरोबर होतं. निष्ठा वर आली की स्वभाव वितळायला लागतो, आणि तिथेच पात्रं हातातून जातात. आता रघू आत येतच नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर तो फुटीरांविरुद्ध नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडतो. सुमन त्याला सकाळी फक्त एवढंच विचारते, "रात्री जेवला नाहीस. ताट धरू का हिशेबात?" दोघं बदललेली नाहीत, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलंय.

खुणा किती वेळा दाखवायच्या, हे वाचकावर तपासून घ्या. माझी पेन्सिल आधी चार वेळा येत होती आणि तीन जणांनी प्रसंगाच्या आधीच ओळखलं. दोनदाच ठेवली, दुसऱ्यांदा तर वहीच्या पानावरच्या पुसट अक्षरापुरती. नंतर वाचलेल्या दोघांनी वहीचा प्रसंग आल्यावर पानं मागे उलटून पाहिली.