ओठ-जीभ सुजली, पण खाज नाही: ही अ‍ॅलर्जीच का?

प्रश्न: आई दोन वर्षं रामिप्रिल घेते. सकाळपासून ओठ आणि जीभ सुजलीय, खाज नाही, पुरळ नाही. सेट्रिझिन देऊन फरक नाही. अ‍ॅलर्जी आहे का?

उत्तर: बहुधा नाही, ही बीपीच्या गोळीचीच सूज वाटते; पण जीभ सुजलीय म्हणून आत्ताच अँब्युलन्स बोलवून इमर्जन्सीत न्या, पुढची गोळी देऊ नका. मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. अ‍ॅलर्जीत हिस्टामिन सुटतं, म्हणून सहसा खाज आणि गांधी येतात, सूज मिनिटांत चढते. रामिप्रिलसारख्या गोळ्या ब्रॅडिकिनिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या शरीरातल्या द्रव्याचं विघटन अडवतात. ते साठलं की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. त्यावर सेट्रिझिन आणि स्टेरॉइड फारसं चालत नाही. गोळी वर्षानुवर्षं सोसली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. आनुवंशिक अँजिओएडिमा या घराण्यातून येणाऱ्या सुजेच्या आजारातही ब्रॅडिकिनिनच वाढतं, पण तो सहसा लहानपणी किंवा किशोरवयात सुरू होतो, पोटदुखीचे झटके येतात, घरात आणखी कुणाला असतो. रक्तातल्या C4 आणि C1 इनहिबिटर या प्रथिनांच्या तपासणीत बहुतेकदा कळतो.

आवाज बदलणं, लाळ गिळता न येणं, श्वास घेताना घरघर म्हणजे सूज घशात उतरली. तेव्हा श्वासासाठी नळी घालणंही अवघड होतं, म्हणून त्याची वाट पाहू नका. मात्र पुरळ नसलेली अ‍ॅलर्जीही असते. शंका असेल तर डॉक्टर अ‍ॅड्रिनॅलिन देतील, ते योग्यच. गोळी थांबवल्यावरही काही आठवडे सूज परत येऊ शकते. या गटातली गोळी पुन्हा कधीच नको. पर्यायी औषध डॉक्टर ठरवतील.