उसळीची वाटी आधी बाजूला काढा

"वय 52. सकाळी उपाशीपोटी साखर 138 येते, पण रात्री जेवल्यावर दोन तासांनी 246. गोड मी खात नाही, तरी घरातले म्हणतात चोरून खात असणार. सगळ्यांचं झाल्यावर साडेनऊला आमटी-भात खाते. भात बंदच करू का?" — खानापूर तालुक्यातील एक गृहिणी

ताई, तुमच्या 246 साठी चोरून खाल्लेल्या गोडाची गरज नाही. तुमच्या ताटातच उत्तर आहे, आणि ते ताट तसं का झालं हेही तुम्हीच लिहिलंय: सगळ्यांचं झाल्यावर. आपल्याकडे बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा मटकीची उसळ संपलेली असते, भाजी पातेल्याला लागलेली असते, आमटीतली डाळ वरच्यावर वाढून गेलेली असते. उरतं ते आमटीचं पाणी आणि भात, आणि तो टाकायला जीव होत नाही म्हणून जास्तच घेतला जातो.

हिशेब असा बघा. आमटीच्या लहान वाटीत साधारण 100 ग्रॅम शिजलेला भात बसतो आणि त्यात 28 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. ताटात उलथन्यानं वाढलेला भात अशा तीन वाट्या सहज भरतो, म्हणजे 80 ग्रॅमच्या पुढे. तो अडवायला सोबत डाळ नाही, भाजी नाही, म्हणून ती साखर झपाट्यानं रक्तात येते.

भात बंद करू नका. भातशेतीच्या मुलखात राहून भात सोडला तर चार दिवसांनी दुप्पट खाल्ला जातो, हे मी फार वेळा पाहिलंय. तीनऐवजी दीड वाटी घ्या, आणि वाटीनंच मोजून घ्या, डोळ्यांचा अंदाज फसवतो. महत्त्वाचं काम त्याआधीचं आहे: उसळ उतरली की पहिली वाटी तुमच्यासाठी झाकून बाजूला ठेवायची. ती तुम्ही ठेवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवू दे. जेवताना आधी काकडी-कांदा आणि उसळ, मग भात. डाळ-भाजी आधी पोटात गेली की भाताची साखर सावकाश चढते. शक्य झालं तर साडेनऊचं जेवण आठला आणा आणि नंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं फिरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर उसळ-डाळ किती खायची हे मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

तुमच्यासारखंच ताट असलेल्या एका काकूंना मी हेच सांगितलं होतं. तीन वाट्या भातावर त्यांची साखर 238 होती. गोळ्या त्याच, तांदूळ तोच. दीड वाटी भात, वाटीभर मटकी, आधी काकडी, एवढ्या बदलानं चौथ्या दिवशी 181 आली. बहुतेकांसाठी जेवणानंतरचं उद्दिष्ट 180 च्या आत असतं, म्हणजे त्या जवळपास पोचल्या. प्रत्येकाचा आकडा सारखा उतरेल असं नाही, म्हणून तुमचं तुम्ही तपासा. तीन रात्री जुनं ताट, तीन रात्री नवं, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजायचं. दोन आठवड्यांनीही 200 च्या वरच राहिलं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तेव्हा औषधाचा विचार करायचा असतो, आणि त्यात तुमचं काही चुकलं असं होत नाही.

भाताऐवजी भाकरी घेतली तरी हाच नियम. जोंधळ्याची भाकरी चांगलीच, तिच्यात चोथा जास्त. पण आपल्याकडची ताटभर मोठी भाकरी 60-70 ग्रॅम पिठाची असते, तिच्यातही 45 ग्रॅमच्या आसपास पिष्ट येतं. भाकरी आणि भात दोन्ही हवं असेल तर अर्धी भाकरी आणि पाऊण वाटी भात.

"आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. घरचा गूळ केमिकल नसलेला, मग चहात चालेल ना? आणि सीझनमध्ये मीटरवर कधी 290 तर कधी 170 दाखवतं, मशीन खराब आहे का?" — निपाणी

मशीनआधी बोटं बघा. काहिलीजवळ काम करून आलेल्या एका शेतकऱ्याला मी समोर बसवून मोजायला लावलं, 300 च्या वर आलं. साबणानं हात धुऊन कोरडे पुसले आणि दुसऱ्या बोटावर घेतलं, तर 164. बोटाला लागलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता, एवढंच. नुसतं ओल्या फडक्यानं पुसून भागत नाही. हात धुतल्यावरही आकडे असेच फिरले तर पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा आणि झाकण उघडं राहत नाही ना तेही.

गुळाचं मन मोडणारं उत्तर द्यावं लागतंय. गूळ कितीही शुद्ध असला तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि रक्तात तो साखरेसारखाच चढतो. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला आठ चमचे झाले. एकदम तोडू नका. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, महिन्याभरात जीभ ऐकते. पाहुण्यांनी कुंदा आणला तर रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर चमचाभर घ्या आणि त्या वेळचा भात तेवढा कमी करा.

"आजोबांसाठी वेगळं शिजवते, पण ते वेगळं ताट बघून जेवतच नाहीत. काय करू?" — बेळगाव, शहापूर

वेगळं शिजवणं थांबवा. त्यांना जे हवं ते सगळ्यांनाच चांगलं आहे: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, झुणका किंवा मासे, पाव ताट भात-भाकरी. वाढत्या मुलांना आणि शेतावर राबणाऱ्यांना एक भाकरी जास्त वाढा, बाकी पातेलं एकच. सकाळच्या उप्पिटात रव्याइतक्याच भाज्या आणि वर मूठभर भाजलेले शेंगदाणे घातलेत तर आजोबांना कळणारही नाही की काही बदललंय.

"आईचा एकादशीचा कडक उपवास असतो. सकाळची गोळी मात्र ती चुकवत नाही. दुपारी घाम येतो, हात थरथरतात. उपवासामुळेच का?" — चिकोडी

हे पत्र मी आधी वाचायला हवं होतं. गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा आई इन्सुलिन घेत असेल, तर पोटात अन्न नसतानाही औषध साखर खाली ओढत राहतं. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही. पुढच्या एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी डोस किती आणि कधी घ्यायचा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

थरथर सुरू झाली की लगेच मोजा. 70 च्या खाली असेल, किंवा मोजायला मीटर नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघा. अजून खालीच असेल तर परत तेवढीच द्या. सावरल्यावर काहीतरी खायला द्या, त्या दिवशी उपवास तिथेच सोडायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

आईला उपवास सोडायचाच नसेल तर डॉक्टरांच्या होकारानं तो फराळाचा करा, पण ताटभर साबुदाणा खिचडी नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, दुपारी थरथर आणि संध्याकाळी 280 असा झोका त्यातूनच येतो. अर्धी वाटी वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडी आणि वाटीभर दही, हे दर तीन-चार तासांनी थोडं थोडं द्या. आणि साखरेची पुडी आईच्या पिशवीत, देवळात जाताना सुद्धा.