बोटीच्या नाळेवरचा नंबर आणि आमची एकवीरा

प्रश्न : ससून डॉकला गेलो होतो. प्रत्येक मासेमारी बोटीच्या पुढच्या बाजूला आयएनडी, एमएच, मग आकडे असं लांबलचक काहीतरी रंगवलेलं होतं. बोटीला नाव असतंच ना? मग त्यात देश आणि जिल्हा कशाला घालतात?

"बोटीला नाव असतंच ना?" हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं आहे. वीस वर्षं ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही वेसाव्याचे. आमच्या बोटीचं नाव एकवीरा. आता मुंबईच्या कुठल्याही कोळीवाड्यात जा आणि धक्क्यावर उभं राहून "एकवीरा" अशी हाक मारा, किती तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, वळून बघतात ते मोजा. कार्ल्याची आई सगळ्यांचीच. नावावरून बोट तिच्या गावात ओळखता येते, गावाबाहेर नाही. आणि बोट तर दिवसरात्र गावाबाहेरच असते.

नंबर वाचायचा कसा ते आधी सांगतो. आयएनडी म्हणजे भारत, एमएच म्हणजे महाराष्ट्र. पुढचा आकडा जिल्ह्याचा, उदाहरणार्थ रत्नागिरीच्या बोटींवर ४ दिसतो. मग एमएम म्हणजे यांत्रिक बोट, आणि शेवटी त्या बोटीचा स्वतःचा क्रमांक. लोकांना वाटतं की जिल्हा म्हणजे बोट जिथे उभी आहे ती जागा. तसं नाही. रत्नागिरीची बोट महिनाभर ससून डॉकला मासळी उतरवत असली तरी तिच्यावरचा ४ तसाच राहतो, कारण तिच्या नोंदीचं पुस्तक रत्नागिरीत आहे. दर्यात कुणाला बोट दिसली, तर मालक कोण, परवाना आहे का, घरी कुणाला कळवायचं, हे कुठल्या कचेरीत विचारायचं ते त्या आकड्यावरून कळतं. देश, राज्य, जिल्हा, क्रमांक : टपालाच्या पत्त्यासारखं, फक्त उलट्या क्रमाने.

आता आमची गोष्ट. २०१५च्या आसपासची. पावसाळी बंदीत, म्हणजे जून-जुलैत, बोट वर ओढून शाकारलेली असते, तेव्हाच डागडुजी आणि रंग होतो. त्या वर्षी रंगाचं काम दादाने अंगावर घेतलं. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना "एकवीरा" हातभर अक्षरांत, पिवळा रंग, लाल किनार, शेजारी कमळ. नंबर त्याच्या खाली, वीतभरसुद्धा नाही, निळ्यावर लाल. त्यातही अर्धा टायरांच्या मागे. मी बोललो तर म्हणाला, "दर्यान नंबर कोन वाचतं? आपली बोट सगल्यांना ठावी हाय."

पेंटरला त्याने आकडा तोंडी सांगितला. खरा आकडा इथे देत नाही, समजा १३८६. पेंटरने रंगवला १३६८. दोन्ही बाजूंना. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आपल्या बोटीचा नंबर आपण कधी वाचतच नाही.

नारळी पौर्णिमा झाली, बोट गेली. तांडेल आणि पाच खलाशी. तिसऱ्या रात्री पंख्यात जाळ्याचा दोर अडकला आणि मशीन बंद पडलं. वारा सुटलेला, त्यात वायरलेसची बॅटरी संपली. बोट वाहत निघाली. पहाटे रत्नागिरीकडची एक बोट जवळून गेली. लाटा इतक्या होत्या की तिला दोर टाकता येईना, पण तिच्या तांडेलाने बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला आणि किनाऱ्यावर कळवला : एकवीरा, अमुक जिल्हा, १३६८, मशीन बंद, वाहते आहे. त्या माणसाने सगळं बरोबर केलं.

इकडे कचेरीत पुस्तक उघडलं. १३६८ निघाली दुसऱ्या कोळीवाड्यातली, आणि तिचंही नाव एकवीरा! त्या नाखव्याला फोन गेला. तो म्हणाला, माझी बोट माझ्या डोळ्यांसमोर धक्क्याला बांधलेली आहे. मग सगळे धरून चालले की रत्नागिरीवाल्याने चुकीचं वाचलं असणार. त्याच सकाळी आम्ही बोट परतली नाही म्हणून खबर दिली होती, ती १३८६ची, कागदाप्रमाणे. एकाच बोटीच्या दोन खबरा दोन वेगवेगळ्या ओळींत पडून राहिल्या. आई दारात बसून होती, चहाही घेत नव्हती.

दुपारी एका जुन्या कारकुनाला शंका आली. त्याने आम्हाला फोन करून एवढंच विचारलं, "नाळेवर कमळ आहे का?" रत्नागिरीच्या तांडेलाने कमळ सांगितलं होतं. संध्याकाळी बोट सापडली, दुसऱ्या दिवशी ओढून आणली. सगळे सुखरूप. दादा आजही सांगतो, "बघ, कमलानंच वाचवलं." यावर काय बोलायचं!

अक्षरांचं म्हणाल तर ही काही आपल्याकडच्या सरकारची नवी खोड नाही. उत्तर समुद्रात वेगवेगळ्या देशांच्या बोटी एकमेकांची जाळी कापायच्या आणि पळून जायच्या, म्हणून १८८२ साली हेगला करार झाला. नाळेच्या दोन्ही बाजूंना बंदराची अक्षरं आणि क्रमांक, काळ्यावर पांढरा रंग, मोठ्या बोटींना ४५ सेंटिमीटर उंची. शिडावरसुद्धा. झाकायचं नाही, पुसायचं नाही. पुढे १९८९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगभरासाठी मापं सुचवली. बारा ते पंधरा मीटरच्या बोटीला ४० सेंटिमीटर, त्याहून मोठीला आणखी मोठं, आणि विमानातून दिसावं म्हणून वरच्या बाजूलाही. दादाची वीत मोजून घ्या.

देश कशाला, तर गुजरातच्या पुढे पाण्यावर रेघ आखलेली नसते. पालघरचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानने बोट धरली की तिकडच्या तुरुंगात अडकतात. तेव्हा बोट कुठल्या देशाची, कुठल्या राज्याची, हे ठरवायला पहिला पुरावा नाळेवरचा असतो. तमिळनाडूवाल्यांना श्रीलंकेकडे तेच.

एक मात्र मान्य करायला हवं. नंबर बोटीचा असतो, आत बसलेल्या माणसांचा नाही. २००८च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची कुबेर बोट दर्यात पळवली आणि तिच्यातूनच मुंबईपर्यंत आले. बोट अस्सल भारतीय होती. म्हणून नंतर खलाशांची ओळखपत्रं आली, ती तपासायला मात्र बोटीवर चढावंच लागतं. दादा हा मुद्दा नेहमी काढतो आणि एवढ्यापुरता तो बरोबर आहे.

तुम्ही स्वतः बोट घेणार असाल तर रंग सुकायच्या आत एकाने नोंदीचा कागद धरायचा, दुसऱ्याने डावी नाळ, उजवी नाळ आणि केबिनचा टप यांवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायचा. "तेराशे शहाऐंशी" असं नाही. एक, तीन, आठ, सहा. दर जुलैला कागद मी धरतो आणि वाचायला दादाला लावतो. तो वाचतो, पण आधी कमळ रंगवून झाल्याशिवाय नाही.