वडिलांचं पेमेंट पेंडिंग होतं, पैसे कुठे गेले ते आम्ही असं शोधलं

प्रश्न: वडिलांनी फोनवरून पैसे पाठवले, खात्यातून कापले गेले पण ॲपमध्ये पेंडिंग दाखवतंय आणि समोरच्याला मिळाले नाहीत. परत पाठवायचे का? पैसे अडकलेत कुठे ते कसं कळणार?

परत पाठवू नका, निदान उद्या रात्रीपर्यंत तरी नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा ७६ वर्षांचे, वाईला असतात. मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांनी दूधवाल्या मामांना महिन्याचे १,८६० रुपये पाठवले, रोज एक लिटर, साठ रुपयांनी ३१ दिवसांचे. ॲपवर पिवळं घड्याळ फिरत राहिलं. मामांना फोन केला तर ते म्हणाले काहीच आलं नाही दादा. बाबांना कुणाचे पैसे थकलेले अजिबात सहन होत नाहीत, त्यामुळे ते परत पाठवायलाच निघाले होते, नशिबाने मी त्या आठवड्यात घरीच होते.

मी म्हटलं बाबा, थांबा, आधी बँकेचा मेसेज बघू. ॲप हा फक्त निरोप्या आहे, पैसे बँकेत असतात. मेसेज आलेला होता, १,८६० डेबिट, म्हणजे आपल्या बँकेतून पैसे निघाले हे नक्की झालं. डेबिटच नसतं तर विषय तिथेच संपला असता.

मग हिस्टरीत जाऊन तो व्यवहार उघडला आणि पहिल्यांदा नाव बघितलं, पैसे मामांच्याच नावावर गेलेत ना, का दुसऱ्या कुणाला. नाव बरोबर होतं. त्याखाली दोन नंबर होते आणि इथेच बहुतेक लोक गडबडतात. एक लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला, तो ॲपचा स्वतःचा. दुसरा यूटीआर, फक्त आकडे, बरोबर बारा. बँकेला हा बारा आकड्यांचाच लागतो, कारण पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोन्ही बँकांत तोच असतो. बाबांनी डायरी काढली, मी चार-चार आकडे वाचत गेले आणि ते लिहीत गेले, मग त्यांनी उलट मला वाचून दाखवले. सातच्या जागी एक लिहिला गेला होता, तो तेव्हाच सापडला.

पेंडिंग म्हणजे काय हे त्यांना असं सांगितलं, आपल्या बँकेने पैसे काढले, निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्फत मामांच्या बँकेकडे गेला, पण जमा झाले की नाही याचं उत्तर ठरलेल्या वेळात परत आलं नाही. म्हणजे पैसे जमा झालेले असू शकतात किंवा नसूही शकतात, आणि म्हणूनच परत पाठवले तर दोनदा जायची भीती असते.

तेवढ्यात बाबा कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायला लागले. मी फोन हातातूनच काढून घेतला. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले असतात, रिफंड देतो म्हणून पिन टाकायला लावतात. पैसे परत यायला पिन कधीच लागत नाही, हे मात्र त्यांना दोनदा सांगितलं. तक्रार करायची तर ॲपमध्ये त्याच व्यवहाराखालच्या मदतीतून किंवा पासबुकवर छापलेल्या नंबरवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दूध घालायला आले तेव्हा त्यांना बारा आकडे लिहिलेली चिठ्ठी दिली आणि पासबुक भरून आणा म्हटलं. मेसेज आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नसतं, मेसेज उशिरा येतो, कधी येतच नाही. अकराला ते पासबुक घेऊनच आले. शेवटच्या ओळीत UPI/CR, पुढे आमचेच बारा आकडे आणि १,८६०, तारीख मंगळवारची. पैसे आदल्या रात्रीच जमा झालेले, फक्त उत्तर अडकलं होतं. आमच्या ॲपवर तेव्हाही घड्याळच होतं, दुपारी हिरवी टिक आली.

तुमच्याकडे त्यांच्या पासबुकात ती ओळ नसेल तर वडिलांच्या खात्यात त्याच नंबरने पैसे उलटून आलेत का बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे माणसाने माणसाला पाठवलेले आणि जमा न झालेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानाच्या क्यूआरवर भरले असतील आणि दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नसेल तर मुदत पाच दिवसांची. दोन्हीकडे काहीच नसेल तर यूटीआर देऊन आपल्याच बँकेत तक्रार टाका आणि तक्रारीचा नंबर घ्या, कारण ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं आणि तिथे तो नंबर मागतात.

बाबांनी डायरीत त्या बारा आकड्यांपुढे "मामांना पोचले" असं लिहून खाली तारीख टाकली आणि मामांची सहीसुद्धा घेतली.